कोको आधी गरम पाण्यात का भिजवायचा: रेसिपी तीच, फक्त क्रम बदललेला

प्रश्न: ताई, माझी रेसिपी अशी आहे: मैदा १५० ग्रॅम, कोको ५०, साखर २२५, अंडी २, तेल १०० ग्रॅम, दूध २७० मिली, पाऊण टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. कोरडं सगळं एकत्र चाळते, ओलं घालते, १७० वर भाजते. फुगतो छान, पण कोकोची चव वरवरची लागते, मधे मधे कडू ठिपके येतात आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. कोको गरम पाण्यात ब्लूम करा असं सगळे सांगतात. त्याने खरंच फरक पडतो का, आणि ते पाणी वरून जास्तीचं घालायचं का?

उत्तर: फरक पडतो, आणि पाणी जास्तीचं अजिबात घालायचं नाही. तुमच्या २७० मिली दुधातलंच १५० काढून टाकायचं आणि त्याच्या जागी १५० मिली उकळतं पाणी घ्यायचं, उरलेलं १२० मिली दूध तसंच ठेवायचं. बाकी एकही माप बदलायचं नाही. मी चौदा वर्षं केक करून देते आहे आणि शिकवतेही, त्यात ब्लूम करून केक बिघडला म्हणून जेवढ्या जणी आल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी हे पाणी वरून घातलेलं असतं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. आता का आणि कसं ते नीट सांगते.

आधी कोको म्हणजे काय ते बघूया, कारण सगळं तिथूनच येतं. कोकोच्या बिया भाजून वाटल्या की घट्ट लगदा होतो, तो दाबून त्यातलं बरंचसं कोको बटर काढतात, आणि जी पेंड उरते ती दळली की आपली पावडर. म्हणजे बटर काढलेलं असतं पण सगळं नाही. साध्या पावडरीत १० ते १२ टक्के आणि भारीतल्या पावडरीत २० ते २४ टक्के फॅट राहतंच. ही फॅट त्या बारीक कणांवर आणि कणांमधे बसलेली असते, आणि कोको बटर साधारण ३४-३५ डिग्रीला वितळतं, म्हणजे थंड किंवा रूम टेंपरेचरच्या दुधात ती घट्टच असते. मेणचट पांघरूण घेतलेला कण पाण्याला जवळ येऊ देत नाही, मग असे कण एकमेकांनाच चिकटून राहतात.

हे स्वतः बघायचं असेल तर दोन ग्लास घ्या. एकात थंड पाणी, एकात उकळी येऊन गॅस बंद केलेलं पाणी. दोन्हीत एकेक टीस्पून कोको वरून सोडा आणि ढवळा. थंड पाण्यात कोको वर तरंगत राहतो, गोळ्या होतात, आणि एखादी गोळी बोटांनी फोडलीत तर आतून कोरडी ठक्क पावडर निघते, बाहेरून फक्त पातळ ओली साल. गरम पाण्यात तीच पावडर काही सेकंदांत खाली जाते आणि पाणी एकसारखं गडद होतं. तुमच्या केकमधले कडू ठिपके म्हणजे बहुतेक त्या थंड ग्लासातल्या गोळ्याच आहेत. मैद्यासोबत चाळल्यामुळे मोठ्या गुठळ्या मोडतात हे खरं, पण ओलं घातल्यावर बारीक बारीक पुन्हा होतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत कारण बॅटर आधीच तपकिरी असतं.

गरम पाण्यात दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे फॅट वितळते, कण सुटे होतात आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचतं. दुसरी गोष्ट लोक फारशी सांगत नाहीत, पण माझ्या मते ओलाव्याच्या बाबतीत तीच महत्त्वाची. कोकोमधे स्टार्च आहे, फायबर तर भरपूर आहे, प्रोटीन आहे, आणि हे सगळं पाणी पितं. स्वतःच्या वजनाएवढं पाणी कोको सहज शोषतो. ५० ग्रॅम कोको आणि १५० मिली गरम पाणी मिसळलं की पहिल्या मिनिटाला ते पातळ सरबतासारखं दिसतं, पण दहा मिनिटं झाकून ठेवून परत बघा, चॉकलेट सॉससारखं दाट झालेलं असतं, आणि पूर्ण गार झालं की जवळजवळ पुडिंगसारखं. पाणी कुठे गेलेलं नाही, ते कोकोच्या आत गेलंय.

आता इथे एक शंका येते, क्लासमधे प्रत्येक बॅचला कोणीतरी विचारतंच, की केक ओव्हनमधे जातोच ना, आतून ९७-९८ डिग्रीपर्यंत तापतोच ना, मग कोको तिथे फुलेलच की, आधी वेगळं कशाला करायचं? प्रश्न बरोबर आहे. पण ओव्हनमधे कोको एकटा नसतो. बॅटरमधे २२५ ग्रॅम साखर आहे, ती पाण्यात विरघळून बसलेली असते आणि पाणी सहजासहजी सोडत नाही. १५० ग्रॅम मैदा आहे, त्यालाही तेच पाणी हवं असतं. वर १०० ग्रॅम तेल आहे, आणि कोकोचा जो कण अजून पाण्याने भिजलेला नाही त्याला तेल आधी गाठतं आणि आणखी एक पांघरूण घालतं. एवढ्या गर्दीत कोकोला पाणी मिळेपर्यंत मैद्यातला स्टार्च फुगून केक सेट व्हायला लागतो आणि मग काहीच हलत नाही, जी गोळी जिथे होती तिथेच अडकते. ओव्हनमधे ढवळायलाही कोणी नसतं. म्हणून आधी कोकोला एकट्याला पाणी द्यायचं, त्याचं पोट भरलं की मग बाकीच्यांची ओळख करून द्यायची.

चवीचं पण तसंच. कोकोची चव जिभेला लागायची तर त्यातले चवीचे घटक कणातून बाहेर यायला हवेत. कोरडी गोळी दाताखाली आली तर नुसता कडवटपणा आणि पीठूळपणा लागतो, वास येतच नाही. तोच कोको भिजून, सुटा होऊन सगळ्या जाळीत सारखा पसरला तर प्रत्येक घासात थोडा थोडा लागतो आणि म्हणून जास्त वाटतो. कोको ५० ग्रॅमच आहे, वाढलेला नाही, पण आधी त्यातला काही भाग गोळ्यांत बंद होता तो आता कामाला लागला. गरम पाण्याने चवीत नवीन काही तयार होतं असं कोणी सांगितलं तर मी ते मानणार नाही, जे होतं तेच मोकळं होतं.

आता तुमच्या रेसिपीवर प्रत्यक्ष करून बघू. पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धं मिनिट थांबा. रुंद बाऊलमधे ५० ग्रॅम कोको चाळून घ्या (हो, इथेही चाळायचाच, डब्यात दाबून बसलेल्या गुठळ्या गरम पाण्यालाही दाद देत नाहीत). १५० मिलीमधलं साधारण ५०-६० मिलीच आधी ओता आणि छोट्या व्हिस्कने किंवा चमच्याच्या पाठीने दाबून दाबून घट्ट पेस्ट करा. सगळं पाणी एकदम ओतलं तर गोळ्या वर तरंगतात आणि व्हिस्कला सापडत नाहीत, घट्ट पेस्टमधे मात्र त्या आपोआप चिरडल्या जातात. पेस्ट चकचकीत दिसायला लागली की उरलेलं पाणी दोन वेळा करून घाला आणि ढवळा. एक थेंब पांढऱ्या ताटलीवर बोटाने पसरवून बघा. एकसारखा तपकिरी डाग पडला तर झालं, ठिपके किंवा रवाळ दिसलं तर अजून अर्धा मिनिट फेटा. मग झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. झाकण यासाठी की वाफेने पाणी उडू नये आणि वर साय धरू नये, ती साय नंतर केकमधे चिवट तुकडे होऊन येते. व्हॅनिला किंवा चमचाभर कॉफी पावडर घालायची असेल तर कॉफी आत्ता, व्हॅनिला शेवटी, गार झाल्यावर.

पेस्ट गॅसवर उकळवू नका. कोको तळाला बसतो, लागतो आणि करपट कडू चव येते जी कितीही साखर घातली तरी झाकत नाही. उकळतं पाणी गार बाऊलमधल्या गार पावडरीवर पडलं की मिश्रण ८० च्या आसपास येतं, आपल्याला तेवढं पुष्कळ झालं.

दहा मिनिटांनी हे ६० ते ६५ डिग्रीपर्यंत उतरलेलं असतं आणि इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६० च्या पुढे घट्ट व्हायला लागतो. मी अगदी सुरुवातीच्या काळात एकदा घाईत गरम पेस्ट सरळ फेटलेल्या अंड्यात ओतली, केक वरून ठीक दिसला पण कापल्यावर आत पांढरे पिवळट धागे, अंडाभुर्जीसारखे, आणि तो वाढदिवसाचा केक होता, रात्री परत करावा लागला. तेव्हापासून मी उरलेलं दूध फ्रीजमधलं गार घेते. ते १२० मिली गार दूध पेस्टमधे ढवळलं की एका झटक्यात सगळं ४० च्या जवळ येतं, वाट बघायची गरजच उरत नाही. बाऊलच्या तळाला हात लावा, कोमट लागला, चटका बसला नाही, की मग तेल, मग साखर, मग एकेक करून अंडी. म्हणजे तुमच्या रेसिपीत दूध दोन कामं करतं, एक ओलावा आणि एक थंडावा. इथे रूम टेंपरेचरचं दूध घेतलंत तर मात्र आणखी दहा मिनिटं थांबा.

दुधातच कोको भिजवला तर चालेल का असंही विचारतात. चालतो, पण दूध तापवताना लागायची भीती, आणि चव जरा मऊ, दुधाळ होते, कोकोची धार कमी होते. तुम्हाला चव वरवरची लागते म्हणताय म्हणून तुमच्यासाठी पाणीच. पाण्यामुळे केक फिका, बेचव होईल ही भीती नको, तुमच्या रेसिपीत १०० ग्रॅम तेल, दोन अंडी आणि १२० मिली दूध आहेच. पाण्याऐवजी तेवढीच कडक काळी कॉफी घेतली तर अजून छान, आणि तिची चव कॉफी म्हणून फारशी कळत नाही, कोकोच जास्त भाजलेला, गडद वाटतो. दही किंवा ताक मात्र तापवून त्यात कोको भिजवू नका, फाटतं. ताक वापरायचं असेल तर ते उरलेल्या १२० दुधाच्या जागी, गारच.

मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ वेगळं चाळून ठेवा आणि शेवटी घाला. सोडा कोकोच्या गरम पेस्टमधे आधीच घालू नका. साधा कोको थोडा आंबट असतो, पीएच साडेपाचच्या आसपास, त्यामुळे सोडा त्याच्याशी लगेच फसफसतो, गरम असेल तर अजूनच जोरात, आणि ते बुडबुडे बाऊलमधेच संपतात, केकसाठी उरत नाहीत. काही जणी मुद्दाम घालतात कारण सोड्याने कोकोचा रंग एकदम गडद होतो. रंग येतो, खरं आहे, पण मग फुगण्यासाठी वेगळी सोय करावी लागते आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. तुमच्या पाऊण टीस्पूनमधे मैद्यासोबत घालूनही रंग पुरेसा येईल.

डब्यावर डच प्रोसेस्ड किंवा अल्कलाइज्ड लिहिलेलं असेल तर सोड्याचं गणित बदलतं. त्या कोकोवर आधीच अल्कलीची प्रक्रिया झालेली असते, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात व्हॅन हाउटेन यांनी नेदरलँड्समधे काढली म्हणून तिला डच म्हणतात. त्याचा पीएच ७ च्या आसपास किंवा वर असतो, आंबटपणा उरलेला नसतो, सोड्याला जोडीदारच मिळत नाही. तेव्हा सोडा पाव टीस्पून, बेकिंग पावडर दीड टीस्पून, आणि १२० मिली दुधाच्या जागी ताक घ्या. ब्लूम करायची पद्धत तीच. डच कोको थोडा लवकर भिजतो, पण दहा मिनिटं त्यालाही द्या.

मैदा घातल्यावर बॅटर पातळ दिसेल. खूप जणी इथे घाबरतात आणि दोन चमचे मैदा वाढवतात, आणि मग केक कोरडा झाला की ब्लूमला दोष देतात. प्रमाण तुमचंच आहे, एकूण द्रव २७० च आहे, फक्त त्यातलं १५० आधी कोकोला पाजलेलं आहे. ओतताना जाड रिबनसारखं सलग पडतं, तेवढं बरोबर. फेटताना मैद्याचे पांढरे ठिपके गेले की थांबा, आणि लगेच टिनमधे घालून ओव्हनमधे. कोमट बॅटरमधे सोडा पटकन सुरू होतो, त्यामुळे ओव्हन आधीच तापलेला हवा, टिन आधीच तयार हवा. वीस मिनिटं तसंच ओट्यावर राहिलं तर फुगणं तिथेच होऊन जातं.

हे सगळं बॅटर २० सेंटीमीटरच्या, सात साडेसात सेंटीमीटर उंच टिनमधे १७० डिग्रीला ४० ते ४५ मिनिटं घेतं. पण एक लक्षात ठेवा, बॅटर आता कोमट आहे, गार दुधाचं नाही, त्यामुळे ते ओव्हनमधे लवकर तापतं आणि तुमच्या नेहमीच्या वेळेच्या तीन चार मिनिटं आधी होऊ शकतं. ३७ मिनिटांनाच पहिल्यांदा बघा. चॉकलेट केक रंगावरून कळत नाही, हीच तर अडचण. टूथपिक मधोमध घाला, ओलं बॅटर लागलं तर नाही झाला, एक दोन ओलसर कण चिकटले तर आत्ता काढा, अगदी कोरडी स्वच्छ निघाली तर थोडा उशीर झालाय. थर्मामीटर असेल तर मधे ९६-९७. टिनच्या कडेपासून केक सुटून बोटभर फट पडेपर्यंत ठेवत असाल, तर तुमचा दुसऱ्या दिवशीचा कोरडेपणा तिथून येतोय, मग कोको कसाही भिजवा.

कारण ओलाव्याबद्दल मला एक स्पष्ट सांगायचं आहे. मी हीच रेसिपी अर्धी अर्धी करून दोन १५ सेंटीमीटरच्या टिनमधे शेजारी शेजारी केली आहे, एक कोरडा कोको मैद्यात चाळून आणि एक ब्लूम करून, दोन्हीत सगळं सारखं, पाण्या-दुधाची वाटणीही सारखी, फक्त एकात पाणी गार होतं आणि कोकोला वेगळं मिळालं नव्हतं. भाजून झाल्यावर वजन केलं तर दोन्ही जवळजवळ सारखेच. म्हणजे ब्लूम केल्याने केकमधे जास्त पाणी आलं असं काही नाही. पण खाताना दोन वेगळेच केक होते. ब्लूमवाल्याची जाळी मऊ, बारीक, एकसारखी गडद, आणि कापताना सुरीला कमी भुगा. कोरड्यावाल्याचा रंग एक छटा फिका, घास गिळताना घशाशी थोडा पीठूळ. तिसऱ्या दिवशी तर फरक अजून वाढला. मी त्याचा अर्थ असा लावते की कोरडा कोको जाळीत बसून राहतो आणि आजूबाजूच्या मैद्याकडून हळूहळू ओलावा ओढत राहतो, भिजलेला कोको आधीच भरलेला असतो, त्याला ओढायची गरज नसते. केक किती ओला होणार हे मुख्यतः द्रव, तेल, साखर आणि भाजायचा वेळ यावर ठरतं, आणि असलेला ओलावा तोंडात जाणवणार की कोको तो लपवणार हे ब्लूमवर.

पाणी वरून घातलं तर काय होतं तेही सांगते म्हणजे ओळखता येईल. २७० दूध तसंच ठेवून वर १५० पाणी घातलंत तर केक ओव्हनमधे आधी छान फुगतो, मग मधे बसतो, आणि कापल्यावर तळाला अर्धा सेंटीमीटरचा चिकट, रबरासारखा थर दिसतो, वरचा भाग मात्र ठीक. टूथपिकला कायम काहीतरी चिकटत राहतं म्हणून आपण अजून भाजतो, मग कडा कोरड्या आणि मधे चिकट. असा केक दिसला तर आधी द्रव मोजा.

उलट पाणी फार कमी घेतलं तरी चालत नाही. कोकोच्या वजनाच्या निदान तिप्पट पाणी हवं, ५० ला १५०. दुप्पट घेतलं तर ते मातीच्या गोळ्यासारखं होतं, आतले कण कोरडेच राहतात आणि नंतर बॅटरमधे मिसळताना गुठळ्या होतात. चौपट, पाचपट चालतं, रेसिपीत तेवढं द्रव असेल तर. तुमच्या रेसिपीत कोको वाढवून ७० करायची इच्छा झाली तर (होतेच, हा केक चांगला झाला की) नुसता कोको वाढवू नका, २० ग्रॅम मैदा कमी करा आणि पाणी २१० पर्यंत न्या, दूध ६० वर आणा, म्हणजे एकूण तेच. थंड दूध कमी झालं म्हणून पेस्ट जरा जास्त वेळ गार होऊ द्या. ७० च्या पुढे मी जात नाही, जाळी ठिसूळ होते कारण कोकोत ग्लूटेन नाही, धरून ठेवायला मैदाच लागतो.

बटर फेटून करायच्या केकला पण हेच करता येतं, पण तिथे पेस्ट कोमट नाही, पूर्ण गार हवी. २५ डिग्रीच्या आसपास. कोमट पेस्टने फेटलेलं बटर वितळतं, त्यात भरलेली हवा जाते आणि केक दडस होतो. अंडी फेटून फुलवलेल्या स्पंजमधे तर अजून जपून, पेस्टमधली फॅट फेस मोडते, म्हणून आधी दोन मोठे चमचे फेस पेस्टमधे घालून ती हलकी करायची, मग ती उरलेल्या फेसात हलक्या हाताने. आणि ज्या रेसिपीत द्रवच नाही, ब्राउनी किंवा कुकीजसारख्या, तिथे पाणी घुसवू नका, कोको गरम वितळलेल्या बटरमधे मिसळून पाच दहा मिनिटं ठेवा. त्याने कण सुटे होतात, वास छान सुटतो, पण कोको पाणी पीत नाही, त्यामुळे ओलाव्याचा फायदा मिळत नाही, चवीचाच मिळतो.

जुना, वास गेलेला कोको मात्र ब्लूमने जिवंत होत नाही. पेस्ट करताना झाकण उघडल्यावर चॉकलेटचा दणदणीत वास आला पाहिजे, ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा नुसताच फिका वास आला तर केक करायच्या आधी डबा बदला. मला ब्लूमचा हा एक फायदा फार आवडतो, केक भाजायच्या आधीच कोको कसा आहे ते कळतं. पेस्टचा एक थेंब थोड्या साखरेत कालवून चाटून बघा, केकची चव साधारण तशीच येणार आहे.

झाल्यावर टिनमधे दहा मिनिटं, मग जाळीवर, आणि अगदी किंचित कोमट असतानाच गुंडाळून ठेवा. फ्रीजमधे नको, थंडीत मैद्यातला स्टार्च लवकर कडक होतो आणि केक शिळा वाटतो. तेलाचा केक आहे, बाहेर दोन दिवस मऊ राहतो, हवा फार गरम नसेल तर तीन. दुसऱ्या दिवशी चव उलट जास्त जुळून येते, म्हणून मी ऑर्डरचा चॉकलेट केक नेहमी आदल्या संध्याकाळी भाजते. पहिल्यांदा करताना माझ्यासारखं अर्धं अर्धं करून बघायला जमलं तर बघा, एक अंडं, ७५ मैदा, २५ कोको, ७५ पाणी, ६० दूध, असं दोन वेळा, दोन छोट्या टिनमधे, २५ मिनिटांपासून तपासायला लागा. आणि डबा साध्या कोकोचा आहे की डच, तेवढं कळवा, सोडा त्यावरून नक्की करून सांगते.